सिंकखालची फळी : प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि सागवान यांतून आमचं स्वयंपाकघर कसं ठरलं

१३ ऑगस्ट २०२३, रविवार. सिंकखालचं दार उघडून कचऱ्याचा डबा बाहेर काढला आणि डब्याबरोबर तळफळीचा एक तुकडाही हातात आला. ओल्या बिस्किटासारखा. बोटांनी दाबला की भुसा सुटत होता. फळीच्या पुढच्या कडेवरची पट्टी केव्हाच निघून गेली होती आणि मूळची १८ मिमी जाडीची फळी त्या जागी जवळपास २५ मिमी झाली होती. दाराची खालची बिजागरी ज्या बाजूच्या फळीत बसवली होती, तिथले स्क्रू नुसते भोकात उभे होते.

हे स्वयंपाकघर आम्ही २०१६ साली करून घेतलं होतं. कोटेशनवर 'इंजिनिअर्ड वुड' एवढंच लिहिलेलं होतं आणि तेव्हा मी ते न विचारता मान्य केलं होतं. म्हणजे नक्की काय, हे सात वर्षांनी तो भुसा हातात आल्यावर कळलं. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून आलेला पार्टिकल बोर्ड. त्यानंतर नवं स्वयंपाकघर उभं राहायला नऊ महिने लागले आणि ते नीट झालंय की नाही हे कळायला आणखी दोन पावसाळे. ज्यांच्यापुढे तीन कोटेशनं आणि तीन प्रकारचं सामान ठेवलं गेलंय, त्यांच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहितेय.

पहिल्या आठवड्यात माझं मत पक्कं झालं होतं : पुण्यातला पावसाळा आणि पार्टिकल बोर्ड यांचं जमत नाही, आता सगळं प्लायमध्ये करायचं. पण सामान हलवण्यासाठी वरची कपाटं रिकामी केली तेव्हा मी थांबले. तोच बोर्ड, त्याच दिवशी बसवलेला, त्याच खोलीतली हवा खाल्लेला. आणि वरच्या कपाटांच्या कडा जशाच्या तशा होत्या. व्हर्नियर कॅलिपर लावून पाहिलं, जाडी कुठेही १८.३ मिमीच्या वर नव्हती. बिजागऱ्या घट्ट. दोष एकच सापडला. ९० सेंटिमीटर लांबीच्या ज्या फळीवर स्टीलचे डबे होते, ती मधोमध सहा मिमी खाली वाकली होती.

म्हणजे हवेतल्या दमटपणाने हा बोर्ड सडला नव्हता. सिंकच्या पाइपच्या जोडातून थेंबथेंब पाणी तळफळीवर पडत होतं. पाइपसाठी फळीला जे गोल भोक पाडलं होतं, त्याची कड उघडी होती, तिला ना पट्टी ना रंग. पाणी तिथून आत शिरलं. वरच्या लॅमिनेटमधून ते आत गेलं नव्हतं आणि त्याच लॅमिनेटमुळे बाहेरही पडत नव्हतं.

हे आतून कसं घडतं ते समजल्यावर पुढचे बरेच निर्णय सोपे झाले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे, बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक घालून, गरम प्रेसखाली दाबलेले. पाणी लागलं की दोन गोष्टी होतात. लाकडाचा प्रत्येक कण फुगतो, हे कुठल्याही लाकडात होतं आणि सुकल्यावर तो परत आकसतो. पण इथे त्या कणांना दाबून ठेवलेलं असतं. ओल्यात डिंकाची पकड सैल झाली की दाब सुटतो आणि बोर्ड कायमचा जाड होतो. म्हणून फुगलेला पार्टिकल बोर्ड उन्हात ठेवून पूर्ववत होत नाही. स्क्रूची पकड गेली की तीही परत येत नाही.

ऑनलाइन चारशे रुपयांना एक लहान आर्द्रतामापक मिळाला, तो फ्रिजवर ठेवला आणि वहीत आकडे लिहायला लागले. ऑगस्टअखेर घरात ८० ते ८५ टक्के. दिवाळीपर्यंत ५५च्या आसपास. नंतर मार्चमध्ये दुपारी तोच काटा ३० वर आला. कोकणात हवा जवळजवळ वर्षभर दमट असते. आपल्याकडे ती चार महिने दमट आणि उन्हाळ्यात कडक कोरडी. प्लाय किंवा बोर्डाला या फरकाने फार काही होत नाही. सागवानाला होतं, ते पुढे येईलच.

जानेवारी २०२४ मध्ये तीन कोटेशनं घेतली. आमचा ओटा एल आकाराचा, एक बाजू दहा फूट, दुसरी आठ. सगळं पार्टिकल बोर्डमध्ये एक लाख पासष्ट हजार. सगळं 'मरीन प्लाय'मध्ये दोन लाख पंच्याहत्तर हजार. दारं आणि चौकटी सागवानात, बाकी प्लाय, तर चार लाख साठ हजार. तिन्हींत बिजागऱ्या आणि चॅनेल धरलेले, जीएसटी वेगळा.

प्लाय आणि पार्टिकल बोर्डमधला फरक चौरस फुटाच्या भावात जेवढा दिसतो, त्यापेक्षा तो प्रत्यक्षात मोठा असतो, हे मला तिसऱ्या माणसाशी बोलताना कळलं. आठ बाय चारच्या शीटमध्ये ३२ चौरस फूट. मला मिळालेला भाव प्लायला १२५ रुपये चौरस फूट, म्हणजे शीट चार हजाराची. पार्टिकल बोर्ड ५२ रुपये, म्हणजे शीट १,६६४ रुपयांची. पण पार्टिकल बोर्ड दोन्ही बाजूंनी लॅमिनेट होऊनच येतो. प्लाय उघडा येतो. कपाटाच्या आतून पांढरं पातळ लॅमिनेट लावायचं तर एका शीटला दोन बाजू, म्हणजे लॅमिनेटचे सातशे-सातशे रुपयांचे दोन कागद, शिवाय डिंक आणि मजुरी. मजुरी सोडली तरी प्लायची शीट साडेपाच हजाराच्या पुढे जाते. कोटेशनमध्ये 'आतून लॅमिनेट' धरलंय का, हे जरूर विचारा. एका कोटेशनमध्ये ते धरलेलंच नव्हतं, नुसता रंग मारून देणार होते.

फेब्रुवारीत मी प्रत्येक प्रकाराचे दहा बाय दहा सेंटिमीटरचे तुकडे मागून आणले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुकडे मागितले तर कुणी नाही म्हणालं नाही. दोन दुकानांत तर चहाही मिळाला. तुकडे मोजून चोवीस तास बादलीत बुडवून ठेवले, काढून लगेच मोजले आणि मग दहा दिवस सावलीत सुकवून पुन्हा मोजले. पार्टिकल बोर्ड १८.१ चा २०.९ झाला आणि सुकल्यावर २०.१ वर थांबला. मरीन प्लाय १८.६ वरून १९.२ वर गेला आणि १८.७ वर परत आला. सागवान २० चा २०.४, परत २०. ज्याला दुकानात एचडीएचएमआर म्हणतात, तो जास्त घनतेचा ओलावारोधक बोर्ड १७.८ चा १८.२ झाला, सुकून १८. तुकड्याच्या चारही कडा उघड्या होत्या, तेव्हा ही परीक्षा घरातल्या फळीपेक्षा कडक आहे. तरी क्रम कळतो.

प्लायची खरी परीक्षा मात्र उकळण्याची. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो रुंदीत फारसा वाढत नाही. तो बिघडतो तेव्हा थर सुटतात. थर कशाने चिकटवलेत यावर सगळं अवलंबून. 'एमआर' प्लायला युरियाचा डिंक असतो, तो दमट हवा सोसतो पण सततचं पाणी सोसत नाही. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायला फिनॉलचा डिंक लागतो आणि मानकात त्याला ७२ तास उकळून पाहतात. मी एका रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच जुन्या पातेल्यात दोन तुकडे उकळले. एमआरचा तुकडा साडेअकराच्या सुमारास कोपऱ्यातून पानांसारखा उघडला. मरीनचा तुकडा पाच वाजताही एकसंध होता. सुरीचं टोक थरांमध्ये घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही. पातेलं जुनंच घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. डिंकाचा वास दोन दिवस घरात राहिला.

इथपर्यंत आल्यावर नवरा म्हणाला, "मग ठरलं ना? सगळं मरीन." मला ते पटत नव्हतं. वरची कपाटं सात वर्षं पार्टिकल बोर्डात सुखात होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथे दुपटीहून जास्त पैसे कशासाठी घालायचे? शेवटी आम्ही सामान ठरवलं ते जागेप्रमाणे. ओट्याखालचे सगळे बॉक्स आयएस ७१० प्लायचे. वरची कपाटं पार्टिकल बोर्डची, पण कुठलीही फळी ६० सेंटिमीटरपेक्षा लांब नाही आणि सगळ्या कडांना पट्टी, भिंतीकडच्या न दिसणाऱ्या कडांनासुद्धा. गॅसच्या वरचं चिमणीलगतचं कपाट मात्र प्लायचं, कारण तिथे वाफ थेट लागते. आणि सिंकखाली तळफळीच नाही. बाजू प्लायच्या, तळाला कडप्प्याची लादी, पुढे किंचित उतार देऊन. पाइप गळला तर पाणी पुढे जमिनीवर येईल आणि त्याच दिवशी दिसेल. ही कल्पना सासूबाईंची. त्यांच्या जुन्या घरात ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या लाद्याच होत्या आणि तिथे चाळीस वर्षांत काही सडलं नव्हतं.

मार्चमध्ये सोसायटीची परवानगी. हे काम मी पंधरा दिवस आधी सुरू करायला हवं होतं. अर्ज सोसायटीच्या छापील नमुन्यातच लागतो. त्यात नळजोडणी बदलणार का, भिंत तोडणार का, काम किती दिवस, हे लिहायचं. सोबत ठेकेदाराचं पत्र आणि कामगारांच्या आधारच्या प्रती. परत मिळणारी अनामत दहा हजार, राडारोडा उचलण्याचे दीड हजार. पहिला अर्ज परत आला, कारण सिंकचा निचरा पाइप बदलणार हे मी लिहिलं नव्हतं आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तशी लेखी सूचना दिली नव्हती. ती दिल्यावर नवव्या दिवशी सेक्रेटरींची सही मिळाली. लाकूड कापण्याचं मशीन सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा एवढंच चालवायचं, ही अट होती. ठेकेदाराला ती आधीच सांगा, नाहीतर तो रोजंदारीचा हिशोब पूर्ण दिवसाचा धरतो.

याच महिन्यात ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला ती घडली. २२ मार्चला प्लायच्या शीट आल्या. प्रत्येक शीटवर ठळक '७१०' छापलेलं. बिलावर 'मरीन ७१०'. मी खूश. संध्याकाळी सहज म्हणून आयएसआय खुणेजवळचा लायसन्स नंबर, 'सीएम/एल' नंतरचे आकडे, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकले. लायसन्स खरं निघालं, चालू होतं, पण ते आयएस ३०३ साठी. म्हणजे साध्या वापराच्या प्लायच्या मानकाचं. शीटवरचं '७१०' हे मालाच्या नावाचा भाग होता. मी शीटची कड जवळून पाहिली तेव्हा आणखी एक दिसलं. मधल्या थरांत दोन ठिकाणी काडीपेटीची काडी जाईल एवढ्या फटी होत्या.

दुकानदार आधी म्हणाले, "ताई, सगळे हेच वापरतात, मालात फरक नाही." मी अ‍ॅपवरचं पान त्यांना दाखवलं आणि एवढंच म्हटलं, की बिलावर आयएस ७१० आणि लायसन्स नंबर लिहून द्या, मी हाच माल ठेवते. ते लिहून द्यायला तयार झाले नाहीत. माल परत गेला, बदली माल सहा दिवसांनी आला, टेम्पोचे आठशे रुपये माझे गेले. बदली मालाचा नंबर मी टेम्पोतून उतरवायच्या आधी तपासला. खूण शीटवर असते, कापल्यावर ती अर्धीमुर्धी राहते. म्हणून तपासणी कापण्याआधी, आणि प्रत्येक शीटचा फोटो. सहा मिमीच्या पातळ शीटही तपासा. पाठीमागची फळी त्याचीच असते, ती भिंतीला टेकलेली असते आणि तिच्यात कमी प्रतीचा माल खपवायला सगळ्यात सोपं.

आता सागवान. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, जुनं घर उतरवलं तेव्हा मामांनी दोन तुळया माझ्यासाठी ठेवल्या होत्या. सत्तर वर्षांपूर्वीचं सागवान. त्याची स्वयंपाकघरासाठी दारं करायची हे माझ्या मनात कितीतरी दिवस होतं. चार लाख साठ हजारांचं कोटेशन परवडणारं नव्हतं, पण जेवणाच्या टेबलासमोरच्या वरच्या कपाटांना दोन जोड्या दारं, एवढं जमत होतं. तुळया टेम्पोने पुण्यात आणल्या. वखारीत आधी त्यांतले खिळे शोधून काढावे लागले, कारण एक खिळा करवतीचं पातं खराब करतो. चिराईचे ४,२०० रुपये झाले. फळ्या घरात आणून पंधरा दिवस आडव्या पट्ट्यांवर हवेशीर रचून ठेवल्या.

मला सपाट, एकसंध फळीची दारं हवी होती. दोन फळ्या जोडून ४५ सेंटिमीटरचं दार, वर नुसती सागाची रेघ दिसेल असं. आमचे सुतारकाका, भोरकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक फळी उचलून माझ्यापुढे धरली. "ताई, हे उभ्यात वाढत नाही. आडव्यात वाढतं. तुमचं दार पावसाळ्यात शेजारच्या दारावर चढंल."

मी म्हटलं, काका, सत्तर वर्षांचं लाकूड आहे, आता काय वाढायचं? ते म्हणाले, शंभर वर्षांचं असलं तरी वाढतं. मला हे खरं वाटेना, म्हणून मी नीट वाचलं आणि हिशोब केला. जुनं लाकूड वाळलेलं असतं हे खरं, पण हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं त्याचं थांबत नाही. लाकडातला ओलावा एक टक्का बदलला की सागाची रुंदी, सरळ चिरलेल्या फळीत, साधारण ०.१९ टक्का बदलते. मध्यातून काटकोनात चिरलेल्या फळीत त्याच्या जवळपास निम्मी. लांबी जवळजवळ बदलतच नाही. सागवान इतर बऱ्याच लाकडांपेक्षा यात शांत आहे, तरीही.

एप्रिलमध्ये टाचणीच्या मीटरने पाहिलं तर फळ्यांत नऊ टक्के ओलावा होता. पावसाळ्यात तो चौदाच्या आसपास जाईल असं धरलं. पाच टक्क्यांचा फरक. ४५० मिमी रुंदीच्या सपाट दाराला ४.३ मिमी. जोडीतली दोन्ही दारं बिजागरीकडून मधल्या फटीकडे वाढणार, म्हणजे आठ मिमीच्या वर. दोन दारांमध्ये फट ठेवतात तीन मिमी. काकांचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं.

म्हणून त्यांनी चौकट-पॅनेलचं दार केलं, आणि ते करताना मी दोन दिवस शेजारी स्टूल टाकून बसले. उभे पट्टे ६५ मिमी रुंद. आडव्या पट्ट्यांची लांबी वाढत नाही, त्यामुळे दाराची रुंदी फक्त दोन उभ्या पट्ट्यांएवढीच वाढते. हिशोबाने एका दाराला १.२ मिमी. मधलं पॅनेल पट्ट्यांच्या आतल्या खाचेत बसतं, खाच १२ मिमी खोल. पट्ट्यांमधली मोकळी जागा ३२० मिमी, दोन्हीकडच्या खाचा धरून ३४४. काकांनी पॅनेल ३३८ चं कापलं. दोन्हीकडे तीन-तीन मिमी रिकामे. पॅनेलला डिंकाचा थेंबही लावला नाही, फक्त वर आणि खाली मधोमध एकेक बारीक खिळा, म्हणजे ते मध्यावर राहील आणि दोन्ही बाजूंना सारखं सरकेल.

त्यांनी पॅनेलला पॉलिश चौकटीत घालायच्या आधी लावलं, कडांसकट, मागच्या बाजूलाही. मी विचारलं, सगळं जोडून एकदाच का नाही? तर म्हणाले, नंतर लावलं की पॉलिश खाचेत उतरून पॅनेल चौकटीला धरून बसतं. मग ते आकसताना एकतर पॉलिशला चीर पडते नाहीतर फळीला. आणि मागची बाजू कोरी सोडली तर एकच बाजू ओलावा पिते, दार वाकतं. चार दारांना सात दिवस लागले, मजुरी चौदा हजार. जोडीमधली फट त्यांनी नेहमीच्या तीनऐवजी चार मिमी ठेवली, कारण काम कोरड्या दिवसांत होत होतं. हेच दार ऑगस्टमध्ये केलं असतं तर पॅनेल खाचेत भरूनच बसवलं असतं, असं ते म्हणाले.

बाकीची दारं १८ मिमी प्लायची. त्यांना बाहेरून एक मिमीचं लॅमिनेट, आतून ०.८ चं. आत नुसता रंग मारू नका, दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसेल तर प्लायचं दारही धनुष्यासारखं होतं.

बसवण्याचं काम २९ एप्रिल ते ११ मे. ओट्याखालचे बॉक्स चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभे केले, फळी कुठेही जमिनीला टेकत नाही. पुढची स्कर्टिंग पट्टी नुसती क्लिपवर बसवलेली, हाताने निघते, त्यामुळे मागे पाहता येतं. प्लायला जिथे जिथे पाइप किंवा वायरसाठी भोक पाडलं, तिथे आतल्या कडेला इपॉक्सी ब्रशने दोनदा. हे भोकांचं काम कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. मी इपॉक्सीचा छोटा डबा स्वतः आणून दिला आणि प्रत्येक भोक झाल्यावर स्वतः लावलं. सगळा खर्च जीएसटीसह दोन लाख त्रेसष्ट हजार. अनामत परत मिळायला अडीच महिने लागले, कारण तपासणीला कमिटीतलं कोणी मोकळं नव्हतं. दोनदा आठवणीचं पत्र द्यावं लागलं.

मग मी पावसाची वाट पाहिली. जुलै २०२४च्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात जो पाऊस झाला, सिंहगड रस्त्याच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्या दिवसांत आमच्या फ्रिजवरचा काटा चार दिवस ८८ च्या खाली आला नाही. सागाच्या दारांमधली फट रोज मोजत होते. चारची ३.२, मग २.६, ऑगस्टच्या मध्यावर १.९. तिथेच थांबली. मीटर साडेतेरा दाखवत होता. दारं एकदाही घासली नाहीत. सपाट फळीची केली असती तर एव्हाना काकांना रंधा घेऊन बोलवावं लागलं असतं, आणि मग एप्रिलमध्ये त्याच दारांत बोटभर फट दिसली असती.

वरच्या पार्टिकल बोर्डच्या कपाटांची जाडी मी ठरलेल्या चार जागी मोजते. पहिल्या पावसाळ्यात १८.१ ची १८.३, मार्चमध्ये पुन्हा १८.२. एका ठिकाणी मात्र चूक झाली आहे. भिंतीत गाळणी अडकवायला मी मागाहून एक हुक लावला आणि ड्रिलचं टोक कपाटाच्या खालच्या फळीत गेलं. ते भोक मी तसंच सोडलं. धुतलेली गाळणी तिथे टांगली जायची आणि पाणी थेट भोकात. पाच महिन्यांत त्याच्याभोवती नाण्याएवढा फुगवटा आला. गाळणी हलवली, भोक वाळवून इपॉक्सीने भरलं, फुगवटा तेवढाच राहिला आहे. बोटाने चाचपला की लागतो.

दुसऱ्या पावसाळ्यात, जूनच्या पहिल्या आठवड्यात सिंकचा पाइप खरंच गळला. जोडातलं रबर सरकलं होतं. सकाळी स्वयंपाकघरात आले तर सिंकच्या दाराखालून पाण्याची एक बारीक रेघ फरशीवर आली होती. दार उघडलं, कडप्पा ओला, बाजूच्या प्लायची खालची कड कोरडी, कारण ती कडप्प्याच्या वर दोन बोटं संपते. फडक्याने पुसलं, नव्वद रुपयांचं रबर बदललं. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दार तासभर उघडं ठेव. आतली हवा कोंडली की वास येतो." तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की ते दार अर्धा तास उघडं असतं.